अहवालात ३ बाळं, प्रत्यक्षात १३: आईकडून बाळाला होणाऱ्या एचआयव्ही संसर्गाचं एक प्रकरण

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. हे प्रकरण कुठल्या एका जागेचं नाही. आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याच्या कार्यक्रमांत जे घोळ वारंवार दिसतात, ते एकाच टीमच्या वर्षभराच्या कामात बसवून मी ते रचलं आहे. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. निर्देशकांच्या व्याख्या आणि वैद्यकीय तपशील मात्र खरे आहेत.

काही आरोग्य केंद्रं मिळून एक टीम काम करते. वर्षभरात पहिल्या प्रसूतिपूर्व तपासणीला ४,००० गरोदर स्त्रिया आल्या. त्यांतल्या ३,९२० जणींची एचआयव्ही स्थिती नोंदली गेली, म्हणजे ९८ टक्के. १२० जणी पॉझिटिव्ह निघाल्या. त्यांतल्या ७२ जणींना हे आधीपासून ठाऊक होतं आणि त्या उपचारावर होत्या, ४८ जणींना नव्याने कळलं. १२० पैकी ११७ जणींना एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, मिळाली, ९७.५ टक्के. पुढे १०४ बाळांचे नमुने पहिल्या वर्षात गेले आणि त्यांतली ३ पॉझिटिव्ह आली. टीमने भागाकार केला: १०४ पैकी ३, म्हणजे २.९ टक्के.

हा आकडा फार गोड आहे. आईकडून बाळाला होणारा संसर्ग एखाद्या देशाने आटोक्यात आणला असं प्रमाणित करताना जागतिक आरोग्य संघटना जे निकष लावते, त्यांत स्तनपान रूढ असलेल्या ठिकाणी संसर्गाचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली असावं लागतं. तपासणी आणि उपचार ९५ टक्क्यांच्या वर असावे लागतात. टीमचे तिन्ही आकडे रेषेच्या पलीकडे होते. अहवाल गेला, शाबासकी आली.

दोन वर्षांनी बालरोग विभागातून एक साधा प्रश्न आला. ‘तुमच्याकडून ३ बाळं कळवली होती. आमच्या उपचाराच्या यादीत त्याच काळात जन्मलेली १२ मुलं आहेत. बाकीची ९ कुणाची?’

अहवालात कुणी काही लपवलेलं नव्हतं, बेरीज-भागाकारही चुकला नव्हता. प्रत्येक निर्देशक व्याख्येप्रमाणेच भरला होता. चूक होती ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं ओळीने मांडून त्यांना एकच गोष्ट समजण्यात.

आधी २.९ चंच बघू. अमेरिकेच्या पेपफार या एचआयव्हीविरोधी कार्यक्रमाच्या अहवाल-पद्धतीत बाळांच्या सुरुवातीच्या तपासणीचा निर्देशक `PMTCT_EID` या नावाने येतो. बाळाचा विषाणू शोधणाऱ्या चाचणीसाठीचा नमुना १२ महिन्यांच्या आत घेतला गेला का, आणि त्यातही पहिल्या दोन महिन्यांत घेतला गेला का, एवढंच तो विचारतो. तपासणी झाली का, हा त्याचा प्रश्न. संसर्ग शेवटी किती बाळांना झाला, हा प्रश्नच त्याच्यात नाही.

ही वेगळी चाचणी का लागते हे थोडक्यात सांगायला हवं. आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळात उतरतात आणि १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे नेहमीची अँटिबॉडी चाचणी बाळात पॉझिटिव्ह आली तर ती आईबद्दल सांगते, बाळाबद्दल नाही. म्हणून टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन, वाळवून, विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधायला पाठवतात. हे साधारण ४ ते ६ आठवड्यांच्या वयात करतात.

आता त्या वयाचा अर्थ लक्षात घ्या. सहाव्या आठवड्याची चाचणी गर्भात आणि प्रसूतीच्या वेळी झालेला संसर्ग पकडते. त्यानंतर वर्षभर, कधी दोन वर्षं, बाळ अंगावर पितं. त्या काळातला संसर्ग या चाचणीत दिसणार कसा? तो अजून झालेलाच नसतो. म्हणून ९ महिन्यांना पुन्हा चाचणी असते, आणि अंतिम निदान १८ महिन्यांना किंवा स्तनपान सुटल्यावर ३ महिन्यांनी, यांपैकी जे उशिरा येईल तेव्हा. टीमने पहिल्या चाचणीचा निकाल अंतिम संसर्गदर म्हणून छापला होता. परीक्षेच्या पहिल्या पेपरानंतरच निकाल लावावा, तसं हे झालं.

शेवटचा निकाल विचारणारा निर्देशक वेगळा आहे, `PMTCT_FO`. यात २४ महिन्यांपूर्वी जन्मलेली आणि जन्मगटाच्या रजिस्टरात नोंदलेली सगळी संपर्कित, म्हणजे पॉझिटिव्ह आयांची, बाळं छेदात धरतात आणि १८ महिन्यांच्या सुमारास प्रत्येकाचं काय झालं ते लिहितात: संसर्ग झाला, झाला नाही, स्थिती माहीत नाही, की स्थिती कळण्याआधीच बाळ दगावलं. भरायला कंटाळवाणा, वेळखाऊ आणि दोन वर्षं मागे राहणारा निर्देशक. माझ्या मते सगळ्या संचात प्रामाणिक म्हणावा असा हाच. बऱ्याच ठिकाणी सगळ्यात निष्काळजीपणे भरला जातो तोही हाच, कारण दोन वर्षांत कर्मचारी बदललेले असतात आणि रजिस्टरं कपाटात गेलेली असतात.

टीमने तो आता नीट भरायला घेतला. १२० गरोदरपणांपैकी ४ गर्भपातात किंवा मृत जन्मात संपली, ३ स्त्रिया गाव सोडून गेल्या, ५ जणींची प्रसूतीची नोंदच सापडली नाही. उरलेली १०८ बाळं रजिस्टरात होती. त्यांतल्या ७४ जणांना संसर्ग नाही हे नक्की झालं होतं. ७ जणांना संसर्ग होता. ४ बाळं स्थिती कळण्याआधी दगावली होती. आणि २३ बाळांच्या नावापुढे काहीच नव्हतं.

इथे टीममध्ये वाद झाला. कुणी म्हणालं, ७ भागिले १०८, म्हणजे ६.५ टक्के. कुणी म्हणालं, ज्यांचा निकाल माहीत आहे त्या ८१ मधून ७, म्हणजे ८.६ टक्के. पहिल्या हिशेबात न सापडलेली २३ बाळं आणि दगावलेली ४ बाळं निगेटिव्ह धरली जातात. दुसऱ्यात ती सापडलेल्यांसारखीच असतील असं धरलं जातं. दोन्ही गृहीतकंच. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी: संसर्ग झालेल्या बाळाला उपचार मिळाला नाही, तर साधारण निम्मी बाळं दोन वर्षांच्या आत दगावतात आणि त्यांतले बरेचसे मृत्यू पहिल्या काही महिन्यांतच होतात. म्हणजे चाचणीआधी दगावलेलं बाळ गुपचूप निगेटिव्हच्या खात्यात टाकणं ही सगळ्यात कमी पटणारी समजूत. टीमने दोन्ही आकडे लिहिले आणि मध्ये ‘स्थिती अज्ञात: २३’ ठळक ठेवलं. दोन्ही आकडे ५ च्या वरच होते.

आता ती ७ बाळं. प्रत्येकाच्या आईची फाइल काढली.

पहिली अपेक्षा अशी की उपचार न मिळालेल्या ३ जणींची ही बाळं असतील. तसं एकही नव्हतं. त्यांतल्या दोघी गाव सोडून गेल्या होत्या आणि एकीचा गर्भपात झाला होता. सातही बाळांच्या आया ‘एआरटी मिळाली’ या ११७ मध्येच होत्या. हे कसं, ते समजायला `PMTCT_ART` ची व्याख्या वाचावी लागते. गरोदरपणात एआरटी मिळाली का, हे तो विचारतो. त्यात आधीपासून उपचारावर असलेली स्त्री पहिल्याच भेटीत मोजली जाते. नव्याने सुरू झालेली पहिली बाटली हातात पडली की मोजली जाते. गोळी किती आठवडे पोटात गेली, विषाणू दबला का, प्रसूतीनंतर ती येत राहिली का, यातलं काही त्याला माहीत नसतं.

दोन बाळांच्या आया उशिरा आल्या होत्या. पहिली तपासणीच ३७ व्या आठवड्यात, त्याच दिवशी निदान, त्याच दिवशी गोळ्या, आणि तीन आठवड्यांच्या आत प्रसूती. डोल्युटेग्राव्हिर असलेल्या गोळीने रक्तातला विषाणू झपाट्याने उतरतो खरा, तरी त्याला आठवडे लागतातच. प्रसूतीला ४ आठवड्यांपेक्षा कमी उपचार झालेला असेल, तर बाळ जास्त जोखमीचं धरतात. बऱ्याच कार्यक्रमांत अशा बाळाला एका औषधाऐवजी झिडोव्हुडिन आणि नेव्हिरापिन अशी दोन औषधं देतात आणि सहा आठवड्यांऐवजी बारा आठवडे देतात. या दोघांना नेहमीप्रमाणे एकटं नेव्हिरापिन सहा आठवडे मिळालं होतं. प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला दोष देता येत नाही. तिच्यासमोरच्या कार्डावर ‘आई एआरटीवर’ असा शिक्का होता, सुरू केल्याची तारीख लिहायला रकानाच नव्हता. दोन्ही बाळं सहाव्या आठवड्याला पॉझिटिव्ह आली आणि लगेच उपचारावर गेली. तेवढं बरं झालं.

आणखी दोघी ‘आधीपासून उपचारावर’ होत्या, एक चार वर्षं, एक सहा वर्षं. कागदावर सगळ्यात निर्धोक. पण औषध लागू पडत नव्हतं, किंवा नियमित घेतलं जात नव्हतं. दोन्हींत रक्तातला विषाणू वरच राहतो. एकीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी, कधी झालाच नव्हता. दुसरीचा गरोदर राहण्याच्या बऱ्याच आधी झाला होता आणि तेव्हा तो दबलेला होता. एकीचं बाळ पाचव्या महिन्यात सापडलं, कारण त्याचा पहिलाच नमुना तेव्हा गेला.

व्हायरल लोडचा निर्देशक तर टीमची शान होती. `TX_PVLS` मध्ये गरोदर स्त्रियांचा विषाणू दबल्याचं प्रमाण ९२ टक्के होतं. पण याच्या छेदात गेल्या १२ महिन्यांत निकाल नोंदला गेलेल्या स्त्रियाच येतात. ११७ पैकी निकाल होता ६६ जणींचा, त्यांतल्या ६१ जणींचा मिलिलिटरमागे १,००० प्रतींच्या खाली. ६६ मधले ६१ म्हणजे ९२ टक्के, आणि ११७ मधले ६१ म्हणजे ५२ टक्के. दोन्ही बरोबर आहेत. पहिला सांगतो की ज्यांची तपासणी झाली त्यांचा उपचार लागू पडतोय. दुसरा सांगतो की प्रसूतीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांचा विषाणू दबल्याचा पुरावा आपल्याकडे नाही. शिवाय १२ महिन्यांची मुभा एरवी ठीक असली, तरी गरोदरपणच मुळी नऊ महिन्यांचं. अकरा महिने जुना निकाल नियमात बसतो आणि बाळाच्या काही कामाचा नसतो. म्हणूनच ३४ ते ३६ व्या आठवड्यात मुद्दाम एक व्हायरल लोड करायचा असतो: निकाल वर आला तर बाळासाठी दुहेरी औषधाची तयारी प्रसूतीआधीच होते.

उरलेल्या तिघींची गोष्ट एकसारखी. गरोदरपणात नियमित औषध, प्रसूती सुखरूप, बाळ सहाव्या आठवड्याला निगेटिव्ह. मग एक माहेरी गेली, एकीने ‘बाळ निगेटिव्ह आलं ना’ म्हणून गोळ्या सोडल्या, तिसरीला घरात बाटली लपवता येईना. बाळं अंगावर पीत राहिली. यांच्यापैकी कुणाच्याही बाळाची नवव्या महिन्याची चाचणी झाली नाही. आधीपासून उपचारावर असलेल्या दोघींपैकी जिचा शेवटचा व्हायरल लोड गरोदर राहण्याच्या बऱ्याच आधी झाला होता, त्या दुसऱ्या आईच्या बाळाचीही नाही. चारही बाळं वर्ष उलटल्यावर आजारी पडून आली. प्रसूतिपूर्व विभागाचं काम प्रसूतीला संपतं आणि एआरटी केंद्राच्या रजिस्टरात ही ‘अंगावर पाजणारी’ म्हणून वेगळी दिसत नाही. ठरलेल्या तारखेनंतर २८ दिवस आली नाही की उपचार खंडित, अशी नोंद होते, पण त्या ओळीत तिच्या कुशीतलं बाळ दिसत नाही.

आता बालरोग विभागाच्या यादीतली ती ५ मुलं, जी १०८ च्या रजिस्टरात नव्हतीच.

एकीची आई त्या ८० जणींतली होती ज्यांची पहिल्या भेटीत तपासणीच झाली नव्हती. किट संपल्या होत्या, ‘पुढच्या वेळी’ म्हणून परत पाठवलं होतं. राहिलेले २ टक्के म्हणजे गोळाबेरजेतला फरक नसतो, ती ८० माणसं असतात.

बाकी चौघांच्या आयांची तपासणी झाली होती आणि ती निगेटिव्ह होती. डेटा भरणाऱ्या ताईंनी कार्ड समोर ठेवून म्हटलं, ‘अहो, ही तर आपल्या यशाच्या आकड्यात आहे.’ खरंच होती. `PMTCT_STAT` ला स्थिती कळल्याशी मतलब. निगेटिव्ह हीसुद्धा कळलेली स्थिती. पण पहिल्या भेटीची निगेटिव्ह ही त्या दिवसाची बातमी आहे. पुढे सहा महिने गरोदरपण आणि वर्ष-दीड वर्ष स्तनपान. या काळात स्त्रीला नव्याने संसर्ग झाला, तर सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढलेला असतो, आणि बाळाला तो जाण्याची शक्यता जुन्या, उपचार चालू असलेल्या संसर्गापेक्षा कितीतरी जास्त. तिला ठाऊक नाही, म्हणून औषध नाही. बाळ संपर्कित म्हणून नोंदलेलं नाही, म्हणून नमुना नाही. ना अंशात, ना छेदात. उपचाराच्या साखळीची पहिली कडी ‘स्थिती माहीत’ ही असते, आणि या आया त्या कडीवर हिरव्या खुणेसह कायमच्या थांबल्या होत्या.

टीमने उत्साहात नवा दर काढायला घेतला: ७ अधिक ५, भागिले १०८ अधिक ५, म्हणजे १०.६ टक्के. हाही चूक. नव्याने संसर्ग झालेल्या ज्या आयांची बाळं वाचली, त्या कुणाच्या यादीत येत नाहीत. फक्त बाधित बाळांमधून आया शोधल्या तर दर फुगतोच. म्हणून ही ५ मुलं संख्या म्हणून लिहायची, टक्केवारी म्हणून नाही. देशपातळीवर याच कारणासाठी दर थेट रजिस्टरातून न मोजता गणिती प्रारूपाने अंदाजला जातो, आणि त्यात गरोदरपणात व स्तनपानात नव्याने झालेल्या संसर्गाचा वाटा वेगळा धरतात.

मग बदललं काय? फार थोडं. तिसऱ्या तिमाहीत निगेटिव्ह स्त्रियांची पुन्हा तपासणी सुरू झाली, आणि बाळाच्या १४ आठवड्यांच्या लसीकरणाच्या भेटीला आणखी एकदा. हे सगळीकडे करावं असं नाही. जिथे संसर्गाचं प्रमाण कमी आहे, तिथे सरसकट फेरतपासणीत किट जातात आणि खोट्या पॉझिटिव्हचा घोळ वाढतो. तिथे जिच्या जोडीदाराचा विषाणू दबलेला नाही किंवा जिची जोखीम चालू आहे, तिचीच फेरतपासणी करतात आणि तिला प्रतिबंधक औषध, म्हणजे प्रेप, देऊ करतात. टीमच्या भागात १०० गरोदर स्त्रियांमागे ३ पॉझिटिव्ह होत्या, तेव्हा टीमने फेरतपासणी सरसकट ठेवली.

दुसरा बदल रजिस्टरात झाला. आई आणि बाळ एकाच ओळीत, आणि ओळ जन्माच्या महिन्याखाली. आईच्या नावाशेजारी एआरटी सुरू झाल्याची तारीख, ३४ ते ३६ आठवड्यांचा व्हायरल लोड, आणि पुढे दर भेटीला दोघांची हजेरी. मार्चमध्ये जन्मलेल्यांचं पान डिसेंबरात उघडलं की नवव्या महिन्याची चाचणी कुणाची राहिली ते बोट फिरवताच दिसतं. तिमाही अहवालात हे दिसत नाही, कारण तिथे या तिमाहीत सापडलेल्या आया छेदात असतात आणि आधीच्या तिमाहीतल्या आयांची बाळं अंशात. त्यामुळे कधी १०० च्या वर टक्के येतात आणि सगळे खूश होतात.

स्थिती माहीत नसलेल्या त्या २३ बाळांचा शोध मात्र सगळ्यात आधी घेतला होता. १४ सापडली. १३ निगेटिव्ह होती, एक पॉझिटिव्ह, वीस महिन्यांची मुलगी, वजन वाढत नाही म्हणून दोनदा टॉनिक मिळालेली. ९ अजून सापडलेली नाहीत. त्या जन्मगटाची अंतिम ओळ आता अशी आहे: नोंदलेली १०८, संसर्ग ८, संसर्ग नाही ८७, मृत्यू ४, अज्ञात ९, आणि खाली वेगळ्या ओळीत, रजिस्टराबाहेर सापडलेली ५. चार मृत्यूंपैकी दोन बाळं सहाव्या आठवड्याच्या नमुन्याआधीच गेली होती. त्यांच्या रकान्यात टीमने निगेटिव्ह लिहिलं नाही, पॉझिटिव्हही लिहिलं नाही.